फाटकावरचा फलक: सात आकड्यांचा एक आकडा

९ सप्टेंबर २०२५

काम ठरलं. कॉलेजच्या फाटकापाशी एलईडी फलक लावायचा आणि त्यावर हवेचा निर्देशांक, म्हणजे एक्यूआय, त्याच्या रंगासह दाखवायचा. मोजमाप आपण करायचं नाही. जवळच्या सरकारी स्वयंचलित केंद्राच्या तासागणिक नोंदी घ्यायच्या आणि निर्देशांक आपल्याकडे काढायचा. तयार आकडाच का उचलत नाही, असं मॅडमनी विचारलं. तयार आकडा उचलला तर तो कसा आला हे मुलांना सांगता येणार नाही आणि चुकला तर कळणारही नाही, हे माझं उत्तर त्यांना पटलं. फलकाची पेटी आणि वायरिंग जोडीदाराकडे, गणित माझ्याकडे. ही वही गणिताची.

१२ सप्टेंबर

भारताचा राष्ट्रीय निर्देशांक ऑक्टोबर २०१४ मध्ये जाहीर झाला आणि एप्रिल २०१५ मध्ये सुरू झाला. त्याची पद्धत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी आयआयटी कानपूरच्या गटाने बांधली. त्यात आठ प्रदूषकं आहेत: पीएम १० म्हणजे हवेतले बारीक कण, पीएम २.५ म्हणजे त्यांतले सूक्ष्म कण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. शिशासाठी फिल्टर प्रयोगशाळेत न्यावा लागतो, ते तासातासाला मिळत नाही. त्यामुळे आपल्या फलकाला सातच.

या सातांची एकमेकांशी थेट तुलना होत नाही. घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम पीएम २.५ आणि ४० मायक्रोग्रॅम अमोनिया यांना एका तराजूत टाकण्यात काहीच अर्थ नाही. म्हणून प्रत्येकाचा आधी स्वतंत्र उपनिर्देशांक काढतात, ० ते ५०० च्या पट्टीवर. पट्टीवरच्या खुणा कुठे ठोकायच्या हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर मंडळाच्या तक्त्याकडे थोडा वेळ बघत बसलो तेव्हा दिसलं. २००९ मध्ये अधिसूचित झालेली हवेची राष्ट्रीय मानकं आणि तक्त्यातली १०० ची खूण एकच आहेत. पीएम २.५ साठी २४ तासांचं मानक ६०, तिथे १००. पीएम १० साठी मानक १००, तिथेही १००. नायट्रोजन डायऑक्साइड ८०, अमोनिया ४००, ओझोन आठ तासांना १००, कार्बन मोनॉक्साइड आठ तासांना २ मिलिग्रॅम. आणि ५० ची खूण सगळ्यांची मानकाच्या बरोबर निम्म्यावर.

म्हणजे १०० पर्यंतचा भाग सरळ आहे: मानकाच्या किती टक्के, एवढंच तो सांगतो. त्यापुढच्या खुणा प्रत्येक प्रदूषकाच्या वेगळ्या, आरोग्यावरचा परिणाम बघून ठरवलेल्या. मुलांना शिकवताना इथूनच सुरुवात करायची. ‘१०० म्हणजे भारताचं मानक गाठलं’ एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

१५ सप्टेंबर

दोन खुणांच्या मध्ये सरळ रेषा. सूत्र असं:

```
I = I_lo + (C - B_lo) * (I_hi - I_lo) / (B_hi - B_lo)
```

C ही मोजलेली सरासरी, B_lo आणि B_hi तिच्या अलीकडची-पलीकडची खूण, I_lo आणि I_hi त्या खुणांचे निर्देशांक. शाळेत लॉगॅरिदमच्या तक्त्यात दोन नोंदींमधली किंमत काढायचो, तेच गणित.

छापील तक्त्यात पट्टे ३१–६०, ६१–९० असे पूर्णांकात दिलेत. मग ६०.४ आलं तर कुठे टाकायचं? मंडळाच्या हिशेबाच्या तक्तापत्रकात पट्टे एकमेकांना चिकटलेले आहेत, ६० ला एक संपतो आणि तिथूनच दुसरा सुरू होतो. तेच घेतलं. अमेरिकेत हा प्रश्न वेगळ्या रीतीने मिटवतात: पीएम २.५ ची सरासरी एका दशांश स्थळावर कापून टाकतात, मग खुणांमधल्या फटीत काही पडतच नाही.

```python
PM25 = [(0,0),(30,50),(60,100),(90,200),(120,300),(250,400)]

def sub_index(c, pts):
    for (b1, i1), (b2, i2) in zip(pts, pts[1:]):
        if c <= b2:
            break
    return min(500, i1 + (c - b1) * (i2 - i1) / (b2 - b1))
```

शेवटच्या खुणेपलीकडे शेवटच्याच उताराने रेषा पुढे न्यायची आणि ५०० ला थांबवायची. पीएम २.५ साठी ती थांबायची जागा ३८० येते.

एक सावधगिरी. कार्बन मोनॉक्साइड मिलिग्रॅममध्ये येतो, बाकीचे मायक्रोग्रॅममध्ये. नोंदींच्या फायलीत एकूण नायट्रोजन ऑक्साइड्सचा रकाना तर पीपीबीत असतो, आणि तो निर्देशांकाला लागतच नाही, लागतो तो शेजारचा नायट्रोजन डायऑक्साइडचा. रकान्यांची नावं इतकी सारखी आहेत की वाचताना डोळा फसतो. प्रत्येक रकान्याबरोबर त्याचं एकक तपासणारी ओळ घातली. एकक जुळलं नाही तर कार्यक्रम पुढे जाणारच नाही.

१८ सप्टेंबर

चाचणीसाठी एक बनावट दिवस तयार केला. आकडे माझे, कुठल्याही केंद्राचे नाहीत:

पीएम २.५ ची सरासरी ७२, पीएम १० ची १४८, नायट्रोजन डायऑक्साइड ४६, ओझोन ६१, कार्बन मोनॉक्साइड १.४, सल्फर डायऑक्साइड १४, अमोनिया २१.

पीएम २.५ चं हाताने करून पाहिलं. ७२ हे ६० आणि ९० च्या मध्ये. ६० च्या वर १२, पट्टा ३० चा, त्याला निर्देशांकाची १०० घरं. १२ गुणिले १०० भागिले ३० म्हणजे ४०, आणि खालचे १००. झाले १४०. पीएम १० साठी ४८ गुणिले १०० भागिले १५०, म्हणजे ३२, आणि १०० मिळून १३२. बाकीचे अनुक्रमे ५८, ६१, ७०, १८ आणि ५.

आता या सातांचा एक आकडा कसा करायचा? नियम एका ओळीचा आहे: जो सगळ्यात मोठा तोच दिवसाचा निर्देशांक. म्हणजे १४०, पिवळा, आणि मुख्य प्रदूषक पीएम २.५.

मॅडम म्हणाल्या, “सरासरी का नाही? मुलं हे पहिल्यांदा विचारतील.” म्हणून दोन्ही करून पाहिलं. सातांची सरासरी ६९ येते. म्हणजे फलक हिरवा, ‘समाधानकारक’, आणि त्याच दिवशी दोन्ही प्रकारचे कण मानकाच्या वर! सल्फर डायऑक्साइड आणि अमोनिया हे बहुतेक शहरांत तळाशी असतात, ते सरासरीला खाली ओढतात आणि धूळ त्यांच्याआड लपते. उलट बेरीज केली तर ४८४, म्हणजे थेट ‘गंभीर’, आणि तसा तर एकही प्रदूषक गंभीर नाही. कमाल घेतली की दोन्ही फसवणुकी टळतात.

कमाल घेण्याची किंमतही मोजावी लागते. पीएम १० ची सरासरी १४८ वरून १५५ वर नेली, ओझोन ६१ वरून ९५ वर नेला. निर्देशांक जागचा हलला नाही, १४०. ज्याला ओझोनचा त्रास होतो त्याच्यासाठी हवा बिघडली आणि फलकाला पत्ता नाही. यावर आकड्यात उपाय नाही, म्हणून मुख्य प्रदूषकाचं नाव आणि दुसऱ्या क्रमांकाचा उपनिर्देशांक फलकाच्या खालच्या ओळीत सरकत ठेवायचं ठरलं.

१९ सप्टेंबर

पायथनचं `round` निम्मं आलं की जवळच्या सम आकड्याकडे जातं. पीएम १० ची सरासरी १००.७५ असेल तर उपनिर्देशांक नेमका १००.५ येतो, पायथन त्याचा १०० करतं, तक्तापत्रक १०१ करतं. एकीकडे हिरवा, दुसरीकडे पिवळा. फार क्वचित घडेल, पण ज्या दिवशी घडेल त्या दिवशी कोणीतरी फोटो काढेलच. अर्धा वर ढकलणारी स्वतःची ओळ लिहिली.

२४ सप्टेंबर

आज उतारांवर बसलो. हा सगळ्या कामातला मला सर्वांत रस वाटलेला भाग.

पीएम २.५ घेऊ. शून्यापासून ६० पर्यंत एका मायक्रोग्रॅममागे निर्देशांक पावणेदोनच्या आसपास वाढतो. ६० ते १२० मध्ये तोच वेग दुप्पट, एका मायक्रोग्रॅमला ३.३३. आणि १२० च्या पुढे एकदम ०.७७. रेषा आधी चढते, मग कड्यासारखी उभी होते, मग जवळजवळ माळरान.

याचा अर्थ वाचणाऱ्यासाठी काय? निर्देशांक २०० वरून ३०० वर गेला तर हवेत ३० मायक्रोग्रॅमची भर पडली. ३०० वरून ४०० वर गेला तर १३० ची. दोन्ही उड्या फलकावर सारख्याच शंभराच्या दिसतात. ‘आज ३५०, काल ३००, थोडंच वाढलंय’ असं म्हणणाऱ्याच्या हवेत १२० चे १८५ मायक्रोग्रॅम झालेले असतात, दीडपटीहून जास्त. उलट ६० ते १२० च्या उभ्या कड्यावर थोडीशी हालचालही मोठी वाटते; हिवाळ्यातल्या दोन सकाळी ११० आणि १६० असा फरक दिसला तर तो जेमतेम १५ मायक्रोग्रॅमचा असतो.

म्हणून टक्केवारीची भाषा इथे बिनकामाची आहे. ‘निर्देशांक दुपटीने वाढला’ या वाक्यातून प्रदूषण किती वाढलं ते काहीच कळत नाही. १०० वरून २०० होताना सूक्ष्म कण ६० चे ९० होतात, म्हणजे दीडपट. २०० वरून ४०० होताना ९० चे २५०, म्हणजे पावणेतीन पटीहून जास्त. बातम्यांत हे वाक्य रोज असतं.

आणि ५०० ची टोपी. सरासरी ३८० असो की ९००, आकडा एकच. १८ नोव्हेंबर २०२४ ला दिल्लीचा अधिकृत निर्देशांक ४९४ होता आणि त्याच वेळी काही खासगी अ‍ॅप हजाराच्या वरचे आकडे दाखवत होती. कोण खोटं बोलतंय, अशी चर्चा आमच्या स्टाफरूममध्येही झाली होती. अमेरिकी पद्धतीत रेषा ५०० च्या पुढेही चालू ठेवतात, खुणा वेगळ्या ठिकाणी आहेत आणि सरासरीचा काळही वेगळा. तीन फरक एकावर एक चढले की त्याच हवेचे दोन आकडे इतके लांब जाऊ शकतात. सरासरीच्या काळाचं स्वतंत्रपणे बघायचं आहे, तो मामला मोठा आहे.

२६ सप्टेंबर

रंग. फाटकावरचे वॉचमनमामा फलकाच्या नमुन्याकडे बघून म्हणाले, “सर, माझ्या पोराच्या मोबाइलवर पण असंच येतं. पण तिथं आज केशरी आहे आणि तुमचा हिरवा कसा काय?”

प्रश्न अगदी नेमका होता, म्हणून त्यांच्यासमोरच हिशेब मांडला. सूक्ष्म कणांची सरासरी ५० धरू. भारतीय तक्त्यात ती ३० आणि ६० च्या मध्ये, निर्देशांक ८३, ‘समाधानकारक’, फिका हिरवा. अमेरिकेने २०२४ मध्ये बदललेल्या तक्त्यात ५० हे ३५.५ आणि ५५.४ च्या मध्ये पडतं, निर्देशांक १३७, केशरी, म्हणजे दमेकरी, लहान मुलं, म्हातारी माणसं यांच्यासाठी अपायकारक. हवा तीच, सरासरीही तीच.

कारण १२ सप्टेंबरच्या नोंदीत आहे: १०० ची खूण त्या त्या देशाच्या मानकावर ठोकलेली. भारताचं २४ तासांचं मानक ६०, अमेरिकेचं ३५. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस तर १५ ची. भारतीय पट्टीवर १५ म्हणजे निर्देशांक २५, गडद हिरव्याच्या मध्यावर.

शिवाय रंगांची नावंही सरकलेली आहेत. आपल्याकडे ५० पर्यंत गडद हिरवा, १०० पर्यंत फिका हिरवा, २०० पर्यंत पिवळा, ३०० पर्यंत केशरी, ४०० पर्यंत लाल, पुढे तपकिरीकडे झुकणारा गडद लाल. अमेरिकेत हिरवा एकच, ५१ पासून पिवळा, १०१ पासून केशरी, १५१ पासून लाल, मग जांभळा. पिवळा हा रंग दोन्हीकडे आहे आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ वेगळा. नुसता रंग लक्षात ठेवणाऱ्याची पंचाईत होते.

“मग खरा कुठला?” मामांनी विचारलं. दोन्ही खरे, पण दोन वेगवेगळ्या मानकांच्या मानाने, असं सांगितलं. त्यांचं समाधान झालं नाही आणि मला त्यांचं चुकतंय असं वाटत नाही. फलकावर ‘भारतीय निर्देशांक’ असे शब्द कायमचे रंगवून घ्यायचे.

एलईडीवर गडद आणि फिका हिरवा दुपारच्या उन्हात वेगळे ओळखू येत नाहीत, हेही आज दिसलं. लाल-हिरवा वेगळा न दिसणाऱ्यांचा प्रश्न तर आहेच. शब्द आणि आकडा मोठा ठेवायचा, रंगाचा पट्टा बाजूला.

६ ऑक्टोबर

दसऱ्याच्या सुट्टीनंतर सरासरीच्या काळाचं काम हातात घेतलं. कणांचा, नायट्रोजन आणि सल्फर डायऑक्साइडचा आणि अमोनियाचा उपनिर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर काढतात. ओझोन आणि कार्बन मोनॉक्साइड आठ तासांवर, कारण ओझोन दुपारी चढतो आणि रात्री उतरतो. २४ तासांच्या सरासरीत दुपार विरून जाईल.

दिवाळी तोंडावर आहे, म्हणून बनावट दिवाळी तयार केली. दिवसभर पीएम २.५ सपाट ४८. रात्री आठपासून सहा तास १२०, २४०, ४२०, ३६०, २१०, ११०. मग पुन्हा ४८. फलकाने दर तासाला मागच्या २४ तासांची सरासरी काढायची.

संध्याकाळी निर्देशांक ८०, हिरवा. रात्री अकराला, म्हणजे ४२० चा तास नुकताच संपलेला, तेव्हा सरासरी पोचते ७४.५ वर आणि फलक दाखवतो १४८, पिवळा. बाहेर धुराने समोरचं दिसेनासं झालंय आणि फलक म्हणतोय ‘मध्यम’. रात्री दोनला, धुराचा शेवटचा तास मोजून झाल्यावर, सरासरी ९६.८, निर्देशांक २२३, केशरी. आणि त्यानंतर? दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला हवा पुन्हा ४८ आहे, फलक २२३. दुपारी चारला, जेव्हा मंडळाचं दैनिक पत्रक निघतं, तेव्हाही २२३. रात्रीचे आठ वाजून गेले की धुराचे तास एकेक करून खिडकीतून बाहेर पडतात आणि मग कुठे आकडा उतरायला लागतो.

म्हणजे सर्वांत वाईट तासाला फलक सौम्य आणि सर्वांत निवांत दुपारी कडक. गणितात खोट नाही. २४ तासांचं मानक हे २४ तास श्वासातून आत गेलेल्या हवेबद्दल बोलतं आणि त्या अर्थाने २२३ अगदी बरोबर आहे. पण फाटकातून आत येणारा माणूस ‘आत्ता धावायला जाऊ का’ असं विचारत असतो. फलक त्याला कालच्या रात्रीचं उत्तर देतो.

सोपा उपाय म्हणून तासाची संहती थेट सूत्रात घालून पाहिली: ४२० ला ५३१ येतं, टोपीमुळे ५००. अनेक अ‍ॅप हेच करतात. पण तक्त्याच्या खुणा २४ तासांच्या संपर्कासाठी ठोकल्यात. एका तासाच्या आकड्याला ‘गंभीर’ म्हणायचा अधिकार त्या तक्त्याला नाही. हे करायचं नाही, असं ठरवलं.

९ ऑक्टोबर

अमेरिकेत याच अडचणीवर नाउकास्ट नावाची पद्धत वापरतात. मागचे १२ तास घ्यायचे आणि ताज्या तासाला जास्त वजन द्यायचं. वजन किती झपाट्याने घटवायचं हे त्या १२ तासांतल्या किमान आणि कमाल आकड्यांच्या गुणोत्तरावर ठरतं; हवा स्थिर असेल तर सगळ्यांना जवळपास सारखं वजन, हवा झपाट्याने बदलत असेल तर दर मागच्या तासाला निम्मं. कणांसाठी निम्म्याखाली जात नाहीत.

आपल्या बनावट दिवाळीत किमान ४८ आणि कमाल ४२०, म्हणजे वजन निम्म्यानेच घटतं. रात्री अकराला नाउकास्ट येतं २९१ मायक्रोग्रॅम, जिथे २४ तासांची सरासरी ७४.५ होती. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला ४८, जिथे सरासरी अजून ९६.८ वर अडकलेली. डोळ्यांना दिसतं त्याच्याशी हे जुळतं.

तरी हा आकडा भारतीय तक्त्यात घालून रंग द्यायचा नाही. दोन पद्धतींची खिचडी झाली तर फलकावरचा आकडा ना मंडळाच्या पत्रकाशी जुळेल, ना अमेरिकी अ‍ॅपशी. मॅडमशी बोलून असं ठरलं: मोठा रंगीत आकडा अधिकृत पद्धतीचाच, ‘मागचे २४ तास’ असं लिहून. त्याखाली बिनरंगाची ओळ: ‘मागच्या तासात सूक्ष्म कण: इतके मायक्रोग्रॅम’. ज्याला धावायला जायचंय त्याने खालची ओळ वाचावी.

१४ ऑक्टोबर

गहाळ तास. नियम असा की २४ तासांच्या सरासरीला किमान १६ तासांच्या नोंदी हव्यात, आणि निर्देशांक काढायला किमान तीन प्रदूषकं हवीत, त्यांत दोन कणांपैकी एक तरी हवाच. यात न बसणाऱ्या वेळी फलक ‘माहिती अपुरी’ म्हणेल. इथवर सोपं.

मग त्याच बनावट दिवाळीतून धुराचे सहा तास पुसून टाकले, जणू वीज गेली किंवा यंत्राने ते आकडे अवैध ठरवले. उरले १८ तास. १६ पेक्षा जास्त, म्हणजे नियम पास. सरासरी ४८. निर्देशांक ८०, हिरवा. खरा आकडा २२३.

हे मला या कामातलं सर्वांत धोक्याचं ठिकाण वाटतं, कारण इथे काहीही बिघडल्यासारखं दिसत नाही. कार्यक्रम नियमाने चाललाय, आकडा नेटका आहे, रंग प्रसन्न आहे. १६ तासांचा नियम गृहीत धरतो की गहाळ तास कुठलेही असू शकतात. पण यंत्रं बहुतेकदा ठरावीक वेळीच रुसतात: वीज जाते तेव्हा, फिल्टरची पट्टी भरते तेव्हा, आकडा इतका चढतो की तपासणीचा नियम त्याला संशयास्पद ठरवून बाजूला काढतो तेव्हा. यातली शेवटची गोष्ट सर्वांत वाईट दिवशीच घडते.

कसं ओळखायचं? एक, गहाळ तास सुटे आहेत की सलग, ते पाहायचं. सलग चार तासांहून जास्त तुटलं तर आकड्याशेजारी खूण दाखवायची. ही मर्यादा माझी, नियमातली नाही. दोन, गहाळ तासांच्या लगेच आधीचा आकडा चढत होता का, ते पाहायचं. ११० वर चढून नोंद थांबली असेल तर पुढे ४८ होतं असं मानायला काहीच आधार नाही. तीन, पीएम १० चा रकाना चालू असेल तर तो बघायचा. सूक्ष्म कण पीएम १० मध्येच मोजलेले असतात, त्यामुळे पीएम १० उसळलेला आणि पीएम २.५ कोरा असेल तर काय घडलं ते उघड आहे. हाच नियम उलटाही लावला: पीएम २.५ चा आकडा पीएम १० पेक्षा मोठा आला तर दोनपैकी एक यंत्र नक्की चुकतंय, तो तास रंगवायचा नाही.

फलकाच्या कोपऱ्यात आता ‘२४ पैकी १८ तास’ असं लिहून येईल. जोडीदार म्हणाला, कोण वाचणार ते. वाचणारा एखादाच असेल, पण ज्या दिवशी आकडा आणि डोळे जुळणार नाहीत त्या दिवशी तो तिथेच बघेल.

१७ ऑक्टोबर

दैनिक पत्रकाशी ताडून पाहण्याची तयारी. पत्रकात शहराला एकच आकडा असतो आणि तो त्या शहरातल्या केंद्रांच्या निर्देशांकांची सरासरी असतो. रेषा वाकडी असल्यामुळे निर्देशांकांची सरासरी आणि सरासरी हवेचा निर्देशांक एक येत नाहीत. एका केंद्रावर ९०, दुसऱ्यावर २५०: निर्देशांक २०० आणि ४००, सरासरी ३००. पण दोन्ही जागांची हवा सरासरीने १७० आणि तिचा निर्देशांक ३३८. म्हणून शहराच्या आकड्याशी आपला आकडा जुळला नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. ताडायचं ते त्याच केंद्राच्या आकड्याशी, आणि दुपारी चारला संपणाऱ्या त्याच २४ तासांशी.

फलकावर शहराऐवजी केंद्राचं नाव, आणि फाटकापासून ते किती लांब आहे तेही लिहायचं. रंगाऱ्याकडे मजकूर दिला. लक्ष्मीपूजन मंगळवारी आहे. फलक सोमवारी दुपारपर्यंत चढवायचा आणि त्या रात्रीच्या तासागणिक नोंदी, कोऱ्या तासांसकट, वेगळ्या फायलीत जपून ठेवायच्या.